पाठदुखीच्या जागृतीची पोस्ट: बरे करण्याचा दावा न करता मजकूर कसा लिहावा?

प्रश्न: आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकच्या इन्स्टाग्रामवर पाठदुखीविषयी पोस्ट टाकायची आहे. चित्राखालच्या मजकुरात बसण्या-उठण्याच्या टिपा आणि अपॉइंटमेंटची माहिती हवी, पण ‘बरे करतो’ असा दावा नको. सध्या मी ‘ताठ बसा, पाठदुखी टाळा! १० सत्रांत फरक अनुभवा’ असे लिहिले आहे. काय बदलावे?

उत्तर: मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि आमच्या क्लिनिकच्या पोस्ट मीच लिहिते. आपल्या दोन्ही वाक्यांत दावा शिल्लक आहे. ‘१० सत्रांत फरक’ यातला दावा उघड आहे. ‘ताठ बसा, पाठदुखी टाळा’ यातला मात्र सल्ल्याच्या वेषात आलेला असल्यामुळे सहज नजरेआड होतो.

आधी सत्रांचा मुद्दा घेऊ. कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत दुखण्याचे एकच असे निश्चित कारण तपासणीत किंवा एमआरआयमध्येही दाखवता येत नाही. नव्याने सुरू झालेली कंबरदुखी अनेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप कमी होते, काहींची रेंगाळते, आणि कमी झालेली पुन्हा उद्भवणेही नेहमीचे आहे. अशा स्थितीत रुग्णाला पाहण्यापूर्वी सत्रांचा आकडा सांगणे म्हणजे जे आपल्याला ठाऊक असूच शकत नाही त्याचे आश्वासन देणे होय. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत सेवेबद्दल खोटी हमी देणेही येते, त्यामुळे हा केवळ सभ्यतेचा प्रश्न राहत नाही.

आता ढबीविषयी. ठरावीक एका पद्धतीने बसल्यास पाठ दुखत नाही, किंवा वाकून बसल्यामुळेच ती दुखते, असे आजवरच्या अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. दिवसभर ताठ बसण्याचा अट्टहास करणाऱ्यांचे स्नायू अवघडून उलट अधिक दुखतात, हे मी रुग्णांमध्ये वारंवार पाहते. जे प्रामाणिकपणे सांगता येते ते इतकेच, की एकाच स्थितीत फार वेळ राहू नये आणि कामाची मांडणी अशी असावी की शरीराला विनाकारण ताण पडू नये. म्हणून प्रत्येक टीप ‘काय करावे’ इथे थांबवावी आणि ‘म्हणजे दुखणे जाईल’ हे शेपूट तिला जोडू नये. खालच्या मजकुरात मी दिलेला अर्ध्या तासाने उठण्याचा सल्लाही औषधाच्या मात्रेसारखा काटेकोर नाही. तो लक्षात ठेवायला सोपा आहे म्हणून द्यायचा, आणि ‘साधारण’ हा शब्द त्यात राहू द्यायचा.

टिपा आपल्या गावातल्या लोकांच्या दिवसाशी जुळणाऱ्या असाव्यात. परदेशी चित्रांतली फिरती खुर्ची आणि उंची बदलणारे टेबल आपल्याकडे फार थोड्यांकडे असते. स्वयंपाकाचा ओटा, दुचाकी, जमिनीवरची बैठक आणि पाण्याची कळशी मात्र बहुतेकांच्या ओळखीची असते. हे सारे धरून मी मजकूर असा लिहीन:

> बसून उठताना कंबर धरते? ओट्यापाशी उभे राहिल्यावर पाठ भरून येते?
>
> पाठदुखी अनेकांना कधी ना कधी होते आणि बहुतेक वेळा तिचे कारण गंभीर नसते. रोजच्या हालचालींत पुढील बदल करून पाहता येतील.
>
> बसून काम करत असाल तर साधारण अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चाला. पाय जमिनीला टेकू द्या. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. ओट्यापाशी बराच वेळ उभे राहायचे असल्यास एक पाय बुटक्या पाटावर ठेवा आणि पाय अधूनमधून बदला. कळशी किंवा पिशवी उचलताना ती अंगाजवळ धरा, गुडघ्यांत वाका आणि वळायचे असेल तेव्हा कमरेतून पीळ न देता पावले वळवा. दुचाकीच्या लांबच्या प्रवासात मध्ये थांबून पाय मोकळे करा. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवा. दिवसचे दिवस पडून राहू नका.
>
> या सूचना सर्वसाधारण आहेत. त्या तपासणीची जागा घेत नाहीत. एखादी कृती करताना दुखणे वाढले तर ती थांबवा.
>
> लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण जाणे, लघवी अडणे, जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायांतली ताकद कमी होणे, यांपैकी काही जाणवल्यास अपॉइंटमेंटची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालयात जा. पडल्यानंतर सुरू झालेली, ताप किंवा विनाकारण घटणारे वजन यांसोबतची, अथवा पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीची पाठदुखी डॉक्टरांना विनाविलंब दाखवा.
>
> आमच्याकडे पहिल्या भेटीत आपली माहिती ऐकून हालचालींची तपासणी केली जाते. पुढे काय करता येईल आणि त्यातून कितपत अपेक्षा ठेवावी, हे त्यानंतर समजावून सांगितले जाते. परिणाम व्यक्तीनुसार वेगवेगळे असतात.
>
> अपॉइंटमेंटसाठी: (फोन क्रमांक), सोमवार ते शनिवार, (वेळ). पत्ता: (पत्ता आणि जवळची खूण). पहिल्या भेटीसाठी (कालावधी) लागतो, शुल्क (रक्कम). जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी आणा, सैल कपडे घाला.
> (नाव), बी.पी.टी.एच., नोंदणी क्रमांक (क्रमांक)

कंसातल्या जागा आपल्या माहितीने भराव्यात. पदवी आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक मी आवर्जून घालते, कारण मशीन लावून शेक देणारा प्रत्येक जण प्रशिक्षित असतोच असे नाही आणि रुग्णाला ते पडताळण्याची सोय हवी. शुल्कही लिहावे, फोनवर विचारायला संकोचणारी माणसे पुष्कळ असतात.

पडद्यावर मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि पुढचे उघडून वाचणारे थोडे असतात. म्हणून लघवी, बधिरपणा आणि पायांतली कमजोरी यांविषयीची सूचना केवळ मजकुरात न ठेवता चित्रावरही ठळक छापावी. कमरेच्या मणक्यांच्या पोकळीतून जाणाऱ्या नसांच्या जुडग्यावर अचानक मोठा दाब आल्यास अशी लक्षणे दिसतात. तेव्हा शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा लागतो आणि गेलेला वेळ भरून काढता येत नाही. पोस्टमधले एखादेच वाक्य वाचले जाणार असेल, तर ते हे असावे असे मला वाटते.

मजकूर सावधपणे लिहूनही दावा बाजूच्या वाटेने आत शिरतो. ‘#पाठदुखीपासूनमुक्ती’ हा हॅशटॅग दावाच आहे. त्याऐवजी ‘#पाठदुखी’, ‘#फिजिओथेरपी’ आणि गावाचे नाव पुरेसे आहे. उपचारापूर्वीची वाकलेली आणि नंतरची ताठ आकृती शेजारी ठेवली, तर शब्दांत टाळलेली हमी चित्र देऊन टाकते. रुग्णाच्या अनुभवाचे कौतुकही मी अशा पोस्टला जोडत नाही, कारण वाचणाऱ्याला ते आपल्याही बाबतीत तसेच घडेल असे वाटायला लावते.

पोस्ट गेल्यावर ‘माझी गादी सरकली आहे, कोणता व्यायाम करू?’ अशा प्रतिक्रिया येतात. तिथे व्यायाम सांगू नये. तपासणीशिवाय सांगता येणार नाही असे लिहून क्रमांक द्यावा. आणि पोस्ट टाकण्याच्या आधीच फोन उचलणाऱ्या व्यक्तीला तातडीच्या लक्षणांची यादी लिहून द्यावी, म्हणजे कोणी ‘पायातली ताकद गेलीय, उद्याची वेळ मिळेल का’ असे विचारले तर त्यांना उद्याची वेळ न देता आजच रुग्णालयात पाठवले जाईल.