तोळा कुठला, ते आधी लिही

इंदूर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

आजीचा लॉकर पुढच्या आठवड्यात तू आणि आई मिळून उघडणार, आणि यादी करायची जबाबदारी तुझ्यावर आली आहे, असं आई फोनवर म्हणाली. सराफ्यातल्या एका पेढीवर मी एकतीस वर्षं हिशेब लिहिला. यादी कशी करावी यापेक्षा ती कुठे फसते, ते मला जास्त ठाऊक आहे.

आमच्याच घरातलं सांगतो. आत्या गेल्यावर तिच्या वहीत एक ओळ सापडली, ‘बांगड्या चार, सहा तोळे.’ काट्यावर त्या ६० ग्रॅमच्या आसपास भरल्या. धाकट्या आतेबहिणीने हिशेब मांडला, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सहा तोळे म्हणजे जवळजवळ ७० ग्रॅम, मग दहा ग्रॅम कुठे गेले? दोघी बहिणी चार महिने बोलत नव्हत्या. शेवटी ट्रंकेत पावती निघाली, तीत वजन ग्रॅममध्येच होतं, साठ आणि वर थोडे मिलिग्रॅम. आत्याने बाजारातला दहा ग्रॅमचा तोळा धरला होता, एवढंच. म्हणून तोळा वहीत येऊच देऊ नकोस. ग्रॅम लिही, दोन दशांशांपर्यंत. आजीच्या वहीतली जुनी वजनं मात्र खोडू नकोस, शेजारी तुझी लिही.

छोटा डिजिटल काटा ०.०१ ग्रॅमचा घे, सोबत येणारं वजन ठेवून आधी तपास. लॉकरच्या खोलीत पंखा चालू असेल तर आकडा नाचत राहतो. पंखा बंद करायला सांग आणि आकडा स्थिरावू दे.

वजनाची एक बाजू बहुतेकांना माहीत नसते. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि पुष्कळदा त्यांत लाख भरलेली असते. काटा ३१.२४ दाखवेल, पण ते सगळं सोनं नव्हे. नथ, तन्मणी, कुड्या यांत मोती आणि खडे, मंगळसूत्रात काळे मणी. म्हणून वजनाचे दोन रकाने कर, एकूण आणि निव्वळ. निव्वळ फक्त पावतीवरून भर. पावती नसेल तर रकाना रिकामा सोड आणि ‘लाख भरलेली, न वितळवता सांगता येत नाही’ असं लिही. अंदाजाने भरलेला आकडा पुढे कुणीतरी खरा धरतो.

हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर भिंगातून तीन गोष्टी दिसतील: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६), आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक. तो जसाच्या तसा उतरव. बीआयएस केअर ऍपमध्ये टाकून पाहता येतो. आजीच्या जुन्या दागिन्यांवर तो नसणारच, २०२१च्या आधी ही पद्धत नव्हती. सराफाच्या कॅरेट मशीनवर टक्के मिळतात, पण ते मशीन वरचाच थर वाचतं. मुलामा किंवा डाग दिलेली जागा पाहून घे आणि ‘अमुक दिवशी मशीनवर’ असंच लिही.

वर्णन असं हवं की दागिना न पाहिलेल्यालाही दुसऱ्या जोडीतून तो ओळखता यावा. ‘पाटल्या जोड’ यात काही कळत नाही. ‘पिळाच्या पाटल्या, जोड, एकूण ४८.६० ग्रॅम, एकीच्या आतल्या बाजूला डाग दिल्याची खूण’ यात कळतं. फोटोतही तीच खूण हवी. साध्या पांढऱ्या कापडावर, शेजारी पट्टी ठेवून, पुढून, मागून, फाशाचा जवळून, आणि एक काट्यावर ठेवलेला, आकड्यासकट. फोन काढण्याआधी मॅनेजरला विचारून घे.

बँक ही यादी मागत नाही, तिला आत काय आहे ते ठाऊकही नसतं. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा तिच्याच माणसाची लबाडी अशा प्रसंगी तिची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. म्हणजे विमा किंवा पोलिस यांच्यापुढे तुझी यादीच ठेवावी लागेल. एक प्रत घरी, एक आईकडे बंद पाकिटात. फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर टाकू नकोस. मामा कितीही मागू दे.

शेवटचे दोन रकाने ‘नेलं’ आणि ‘परत ठेवलं’, तारीख आणि सहीसकट. बहुतेक याद्या पहिल्या लग्नातच खोट्या पडतात. मोहनमाळ कुणीतरी घालायला नेते, सहा महिने कपाटातच राहते, आणि वही म्हणते ती लॉकरमध्ये आहे.

उघडायला जाल त्या आधी एकदा घरी ये. आजीची वही आण, आणि मिळतील तेवढ्या पावत्या. एखादीवर मोडी असेल तर मी वाचून देईन.

तुझा,
काका