निर्मात्याला गोष्ट ऐकवण्याआधी

प्रश्न : चित्रपटाची कल्पना दोन पानांत लिहिली आहे. एका कोर्टातल्या स्टेनोला साक्ष टाइप करताना कळतं की, साक्षीदार तिच्याच वडिलांच्या अपघाताबद्दल बोलतोय. निर्मात्याच्या ऑफिसातून ‘व्हॉट्सअ‍ॅपवर वनलाइन पाठवा’ असा निरोप आलाय. गोपनीयतेच्या करारावर सही मागितली, तर ‘आम्ही असल्या सह्या करत नाही’ म्हणतात. पाठवू का?

उत्तर : आज पाठवू नका. तुम्ही मला जे एका वाक्यात सांगितलंत, त्यावर कुणाचाच कॉपीराइट नसतो. एका नाटकावरून चित्रपट उचलल्याच्या वादात, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हेच सांगितलं: कल्पना, विषय, कथासूत्र यांवर हक्क नाही, ते ज्या रीतीने मांडलं, त्यावर आहे. ‘स्टेनोला साक्षीतून वडिलांचा अपघात कळतो’ हे उद्या कुणीही लिहू शकेल. पण समजा, तुमच्या कथेत ती नोंदीतला एक शब्द बदलते, वकिलाच्या ते ध्यानात येतं आणि त्या जोरावर तो तिला कोंडीत पकडतो, तर हा प्रसंगांचा क्रम तुमचा. म्हणून दोन पानांची निदान पंधरा पानं करा: पात्रं, प्रसंग, वळणं, शेवट.

मग त्या पानांची पीडीएफ करून ती नोंदवा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद असाल तर तिथे ऑनलाइन नोंदणी होते. अमुक तारखेला हा मजकूर तुमच्या नावावर होता, एवढं त्यातून सिद्ध होतं; मालकीचा निकाल लागत नाही. कॉपीराइट कार्यालयात अर्ज केलात की डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी 30 दिवस जातात. प्रमाणपत्राला वेळ लागतो, पण त्यासाठी गोष्ट अडवून ठेवायची गरज नाही. हक्क लिहिल्याक्षणी मिळालेला असतो, नोंदणी हा पुरावा. पुढे मोठे बदल केलेत तर नवा खर्डाही नोंदवा. मित्राने प्रसंग लिहून दिले असतील तर त्याचं नाव आत्ताच घाला. श्रेयावरून मित्राशी होणारं भांडण निर्मात्याशी होणाऱ्या भांडणापेक्षा वाईट असतं.

आता सहीचं. सही नसली तरी विश्वासाने दिलेली गोष्ट वापरता येत नाही. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल (2003) मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाहिनीला सादर केलेल्या संकल्पनेला याच मुद्द्यावर संरक्षण दिलं. त्यासाठी गोष्ट गोपनीय म्हणून दिली हे दिसायला हवं. नोंदवलेली तीच पीडीएफ ऑफिसच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि वर लिहा: ‘आपल्या निरोपानुसार ही कथा केवळ आपल्या विचारार्थ, गोपनीय म्हणून पाठवत आहे. माझ्या लेखी परवानगीशिवाय ती वापरू नये किंवा इतरांना दाखवू नये.’ तोंडी ऐकवलीत, तर कोण हजर होतं आणि काय सांगितलं, त्याचा ईमेल त्याच संध्याकाळी करा. कारण कोर्टात नुसतं साम्य दाखवून भागत नाही, गोष्ट त्यांच्या हातात पोचली होती हेही दाखवावं लागतं.

एक मात्र बघा. स्वतः सही न करणारे तुमच्याकडून ‘रिलीज फॉर्म’ मागतात. त्यात ‘आमच्याकडे मिळतंजुळतं काही आधीच असेल तर दावा करणार नाही’ असं कलम असलं, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.