विझणं की विझवणं? सायक्लिक एएमपीच्या संदेशाचं क्रियापद

प्रश्न: ॲड्रेनॅलिन आणि सायक्लिक एएमपीवरच्या एका प्रकरणाचं मराठी रूप तपासते आहे. 'सिग्नल टर्मिनेशन'साठी एकाच पानावर 'संदेश विझतो', 'संदेश विझवला जातो' आणि 'संदेश ओसरतो' अशी तीन रूपं आली आहेत. यातलं एकच ठरवून सगळीकडे तेच वापरावं ना? कोणतं?

एकच ठरवू नका. तिन्ही रूपं राहू द्या, फक्त प्रत्येक रूप आपल्या जागी आहे का ते बघा.

मराठीत अशी क्रियापदं जोडीने नांदतात. सुटणं-सोडणं, तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, विझणं-विझवणं. जोडीतल्या पहिल्या क्रियापदात करणारा कुणी नसतो, गोष्ट आपली आपण घडते. दुसऱ्यात ती घडवणारा कुणीतरी असतो. 'टर्मिनेशन' या नामात हा भेद दिसत नाही आणि 'संदेश समाप्ती' असा शब्द घेतला तर मराठीतही तो पुसला जातो. पेशीच्या आत मात्र तो भेद अगदी खरा आहे. काही गोष्टी तिथे आपोआप विझतात, काही मुद्दाम विझवाव्या लागतात, आणि कोणती कुठल्या प्रकारची हे चुकलं तर वाचकाला रोगाचं कारणच कळत नाही.

आधी पेटतं काय ते पाहू, म्हणजे विझण्याचं बोलता येईल. ॲड्रेनॅलिन यकृताच्या पेशीत शिरत नाही. पेशीच्या पटलात बीटा प्रकारचा ग्राही असतो, त्याला ते बाहेरून चिकटतं. त्यामुळे ग्राहीचा आतल्या बाजूचा आकार बदलतो आणि त्याला जी-प्रथिन येऊन भिडतं. विश्रांतीत या जी-प्रथिनाच्या अल्फा उपघटकाच्या खोबणीत जीडीपी हा छोटा रेणू बसलेला असतो. ग्राहीच्या स्पर्शाने तो सुटतो आणि त्याच्या जागी जीटीपी येतो. (इथे 'सुटतो'च हवं. ग्राही जीडीपीला ओढून काढत नाही, त्याची पकड ढिली करतो.) जीटीपी बसलेला अल्फा उपघटक बाजूला होतो आणि ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला जाऊन जोडला जातो. ते विकर एटीपीपासून सायक्लिक एएमपी, म्हणजे संदेश पेशीच्या आत पुढे नेणारा रेणू, बनवू लागतं.

तुमच्या पानावर 'प्रत्येक पायरीवर संदेशाचे प्रवर्धन होते' असं वाक्य असेल, तर तेही जाता जाता दुरुस्त करा. या विषयावरच्या लेखनात ही चूक पुष्कळदा दिसते. एक ग्राही एकामागून एक अशी अनेक जी-प्रथिनं जागी करू शकतो, तिथे संख्या वाढते. पण एक अल्फा उपघटक एकाच सायक्लेजला धरून बसतो, तिथे एकास एक असाच हिशेब असतो. ते सायक्लेज चालू असेपर्यंत रेणूमागून रेणू बनवत राहतं, तिथे संख्या भराभर वाढते. पुढची पायरी प्रथिन कायनेज ए ही. तिथे तर उलटं घडतं: सायक्लिक एएमपीचे चार रेणू बसतात तेव्हा कायनेजचे दोन कार्यकारी घटक मोकळे होतात. मग ते घटक पुढच्या विकरांना फॉस्फेट चिकटवत सुटतात आणि संख्या पुन्हा वाढते. म्हणजे जिथे विकर काम करतं तिथे गुणाकार होतो, आणि जिथे एक रेणू दुसऱ्याला नुसता चिकटतो तिथे होत नाही. एकूण पसारा किती? रक्तातल्या ॲड्रेनॅलिनची तीव्रता लिटरमागे एका मोलचा हजार कोटीवा भाग एवढी असली, तरी पेशीतल्या सायक्लिक एएमपीची तीव्रता दहा लाखाव्या भागापर्यंत चढू शकते. हा फरक १०,००० पट आहे.

आता विझण्याकडे येतो. एवढा गुणाकार झाल्यावर नुसतं ॲड्रेनॅलिन निघून जाऊन भागत नाही. ते ग्राहीवरून सुटलं तरी आधीच जागी झालेली जी-प्रथिनं जागीच असतात, तयार झालेलं सायक्लिक एएमपी पेशीत तसंच असतं आणि चिकटवलेले फॉस्फेटही आपापल्या जागी असतात. म्हणून प्रत्येक पातळीवर वेगळी सोय आहे आणि प्रत्येक सोयीचं क्रियापद वेगळं आहे.

जी-प्रथिन विझतं. इथे मी 'विझतं' याच रूपाचा आग्रह धरेन. अल्फा उपघटक स्वतःच एक संथ विकर आहे. आपल्याच खोबणीतल्या जीटीपीचा शेवटचा फॉस्फेट तो पाण्याच्या रेणूच्या मदतीने तोडतो. जीटीपीचा जीडीपी झाला की त्याचा आकार पूर्ववत होतो आणि सायक्लेजवरची त्याची पकड सुटते. सायक्लेज जागं करणाऱ्या या जी-प्रथिनाला त्यासाठी साधारण १५ ते २० सेकंद लागतात. विकरांच्या जगात हा वेग फार मंद आहे, पण इथे त्या मंदपणाचाच उपयोग होतो: तेवढ्या वेळात सायक्लेजचं भरपूर काम होतं. ग्राहीने पेटवताना जी-प्रथिनाला जणू मोजकं तेल दिलेलं असतं. ते संपलं की दिवा विझतो, फुंकर मारणारा कुणी लागत नाही. जी-प्रथिनांच्या इतर काही कुळांत हे विझणं घाईने उरकायला मदत करणारी वेगळी प्रथिनं असतात, पण तिथेही फॉस्फेट तोडणारा अल्फा उपघटकच असतो.

सायक्लिक एएमपी मात्र संपवलं जातं. हा रेणू स्वभावाने टिकाऊ आहे. अर्ल सदरलँड यांच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तो सापडला तोच मुळी टिकाऊपणामुळे. यकृताच्या पेशींचे तुकडे संप्रेरकासोबत ठेवले, मग ते मिश्रण उकळलं, तरी त्यातलं काहीतरी पुढच्या विकराला जागं करत होतं. प्रथिनं उकळल्यावर निकामी होतात, हा पदार्थ झाला नाही. असा रेणू आपोआप विझेल याची वाट पाहता येत नाही. त्यासाठी फॉस्फोडायएस्टरेज हे वेगळं विकर आहे. सायक्लिक एएमपीत फॉस्फेट साखरेला दोन ठिकाणी जोडून एक कडं तयार झालेलं असतं. हे विकर त्यातला एक बंध तोडतं, कडं उघडतं आणि साधं एएमपी उरतं. कायनेज ते ओळखत नाही. तेव्हा 'कडं तोडलं जातं' असं लिहा. 'तुटतं' लिहिलंत तर विकराला अडवल्यावर काय होईल हा प्रश्नच वाचकाच्या मनात येणार नाही. सदरलँड यांच्या कामातच हेही दिसलं होतं, की कॅफीन या विकराला अडवतं आणि मग सायक्लिक एएमपी साचत जातं. (परीक्षानळीतली ती मात्रा कपभर पेयातून रक्तात येणाऱ्या कॅफीनपेक्षा पुष्कळ मोठी असते.) चिकटवलेले फॉस्फेटही तसेच. ते गळून पडत नाहीत, फॉस्फटेज विकरं ते काढतात.

राहिला ग्राही. ॲड्रेनॅलिन बाहेर हजर असतानाही पेशी काही मिनिटांत त्याला दाद देईनाशी होते. ग्राहीच्या आतल्या शेपटीवर एक खास कायनेज फॉस्फेट लावतं, आणि तेही फक्त त्या वेळी कामात असलेल्या ग्राहीवर. त्या फॉस्फेटच्या खुणेवर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं. मग जी-प्रथिनाला ग्राहीशी भिडायला जागाच उरत नाही. अरेस्टिनच्या नावातच अटकाव आहे. म्हणून इथे मी 'ग्राही थोपवला जातो' म्हणेन. 'बधिर होतो' हा रूढ शब्द मला पटत नाही, कारण ग्राहीला संप्रेरक अजूनही जाणवतं. ते पुढे कळवायची वाट तेवढी बंद झालेली असते.

'ओसरतो' हे रूप कुठे ठेवायचं? शेवटच्या परिणामासाठी. रक्तातली साखर, हृदयाचा वेग, या गोष्टी ओसरतात. पूर ओसरतो तसे, वरचे सगळे दरवाजे बंद झाल्यावर, हळूहळू.

विझणं आणि विझवणं यांची गल्लत का करू नये, हे पटकीत स्पष्ट दिसतं. पटकीच्या जंतूचं विष आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरतं आणि त्याच अल्फा उपघटकाला गाठतं. त्यातल्या २०१ क्रमांकाच्या आर्जिनिनवर ते एक मोठा रासायनिक गट चिकटवतं. हे आर्जिनिन जीटीपी तोडण्याच्या कामातला कळीचा अवयव आहे. ते झाकलं गेलं की जीटीपी तुटत नाही आणि अल्फा उपघटक पेटलेलाच राहतो. सायक्लेज थांबत नाही, फॉस्फोडायएस्टरेज कडी तोडत राहतं पण त्याला नव्या रेणूंचा वेग गाठता येत नाही. कायनेज ए पेशीच्या पटलातली क्लोराइडची वाट उघडी ठेवतं. क्लोराइड आतड्यात जातं, त्याच्यामागे सोडियम आणि पाणी. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी असं जाऊ शकतं.

इथे कुणी 'पटकीत संदेश बंद केला जात नाही' असं लिहिलं, तर वाचक बंद करणाऱ्याला शोधत बसेल. बंद करणारा कुणी नव्हताच. दिव्याची स्वतःची विझण्याची शक्ती गेली आहे, म्हणून 'जी-प्रथिन विझत नाही' हेच वाक्य बरोबर. प्रयोगातही हा फरक पकडता येतो. साध्या पेशींना ॲड्रेनॅलिन दिलं आणि मग ग्राही अडवणारं प्रोप्रानोलोल घातलं, तर सायक्लिक एएमपी काही मिनिटांत खाली येतं. फॉस्फोडायएस्टरेज अडवून ठेवलं असेल तर उतार मंद होतो. पटकीच्या विषाची बाधा झालेल्या पेशीत मात्र प्रोप्रानोलोलने फरक पडत नाही, कारण बिघाड ग्राहीच्या पुढे आहे.

नेमकं हेच २०१ क्रमांकाचं आर्जिनिन जनुकातल्या बदलामुळे गर्भावस्थेतच बदललं, तर मॅक्यून-अल्ब्राइट हा विकार होतो. बदल शरीराच्या काही पेशींत असतो, काहींत नसतो, म्हणून त्वचेवर तपकिरी डाग, काही हाडांत ठिसूळ भाग आणि अकाली वयात येणं अशी लक्षणं दिसतात. तिथे विषही नाही आणि जंतूही नाही, तरी वाक्य तेच राहतं: जी-प्रथिन विझत नाही.

पटकीच्या परिच्छेदासाठी तुम्हाला आणखी एक क्रियापद लागेल. विषाने चिकटवलेला गट सहज निघत नाही, म्हणून बाधा झालेली पेशी पुन्हा शांत होण्याची वाट पाहिली जात नाही. साखर-मिठाचं पाणी देतात ते गेलेलं पाणी भरून काढण्यासाठी. ग्लुकोजसोबत सोडियम आत घेणारी दुसरी वाट या पेशींत शाबूत असते, तिच्यातून पाणी शोषलं जातं. ते संदेशाला हातही लावत नाही. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, आणि पेटलेल्या जी-प्रथिनासकट ती पेशीच गळून पडते. तेव्हा तिथे 'विझतो'ही नको आणि 'विझवला जातो'ही नको. 'पेशी झडते' असं लिहा.