फणी काढली, घड ठेवला

"ताई, साहेब माझ्या भल्यासाठीच सांगतात, हे कळतं मला. तरी ते बोलले की थोबाडीत बसल्यासारखं होतं. दोन-दोन रात्री झोप लागत नाही. असं का होतं, आणि मी करू काय?"

जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत हे गाऱ्हाणं घेऊन बँकेतली मुलगी येते, जिल्हा परिषदेचे शिक्षक येतात, डाळमिलमधला सुपरवायझरही येतो. त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो चोपडा तालुक्यातला, वय अठ्ठावीस. केळीच्या पॅकहाऊसमध्ये काम करायचा. फण्यांची प्रत तपासणं, खोकी भरून घेणं आणि शीतगृहातल्या तापमानाची नोंद ठेवणं ही त्याची जबाबदारी. पहिल्याच भेटीत म्हणाला, "साहेबांनी माझी लायकी काढली."

"नेमके काय शब्द होते?"

"मेसेजच आहे ना ताई." त्याने मोबाईल काढून वाचून दाखवला. "कालच्या शीटमध्ये दुपारच्या दोन नोंदी नाहीत. उद्यापासून दर दोन तासांनी भरत जा. पॅकिंग चांगलं झालं आहे." वाचताना त्याचा आवाज चिरका झाला होता. 'नोंदी नाहीत' यावर त्याने असा जोर दिला, की मलाही क्षणभर दरडावल्यासारखं वाटलं. शेवटचं वाक्य मात्र पुटपुटत उरकलं.

मी म्हटलं, "आता हाच मेसेज केळीचे भाव वाचता ना, तसा वाचा."

त्याने वाचला आणि थांबला. पुन्हा एकदा स्वतःशीच वाचला. म्हणाला, "यात लायकीचं काहीच नाही हो."

लायकीचं वाक्य मेसेजमध्ये नव्हतं, मग ते आलं कुठून, हे आम्ही पुढच्या दोन भेटींत शोधलं. एका कागदाच्या मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे साहेबांचे शब्द, जसेच्या तसे. उजवीकडे ते कानावर पडताच मनात उमटलेलं वाक्य. उजवीकडे त्याने अहिराणीत लिहिलं, "तुले काहीच जमत नही." आप्पा लहानपणी असंच म्हणायचे, असं तो म्हणाला.

अनेकांना इथे बालपण उकरत बसावंसं वाटतं. मी तसं करत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीने मी काम करते, आणि त्या पद्धतीचा भर आजच्या विचारावर असतो. वाक्य आप्पांनी दिलं असेल, पण आज ते रोज म्हणतो तो स्वतःच. जे आपण म्हणतो, ते आपल्याला तपासताही येतं. त्याच्या मनाची अट होती, "माझ्या कामात चूक निघायलाच नको." त्यातल्या 'च'भोवती मी लाल पेनाने गोल केला. चूक निघू नये ही इच्छा झाली, निघायलाच नको हा हट्ट. इच्छा मोडली की वाईट वाटतं. हट्ट मोडला की माणूस स्वतःलाच मोडीत काढतो.

हे त्याला पटलं, पण डोक्याने. चेहरा तसाच ओढलेला होता. चौथ्या भेटीत मला त्याचंच काम आठवलं. विचारलं, "डाग पडलेली फणी दिसली की काय करता?"

"बाजूला काढतो."

"आणि बाकीचा घड?"

"तो ठेवतो ना ताई! एका फणीसाठी घड कोण फेकतं?"

"बागवाल्याला सांगता, की तुला शेतीच येत नाही?"

"छे! उलट सांगतो, बाबा, ह्या फणीला घासल्याचा डाग आहे, पुढच्या वेळी घड वाहताना मधे फोम घाल." एवढं बोलून तो गप्प झाला. बोटांनी टेबलाच्या कडेवर काहीतरी कोरत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "साहेबांनी फणीच काढली होती. घड मीच फेकला."

मी काही बोलले नाही. माझ्या मते समुपदेशकाने सर्वात जास्त सांभाळायची ती हीच शांतता. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. माणूस दुसऱ्याच्या बाबतीत जो न्याय रोज सहज करतो, तोच त्याला स्वतःच्या बाबतीत करायला शिकवायचा असतो. म्हणून उदाहरण मी पुस्तकातून देत नाही, त्याच्या हातातल्या कामातून शोधते.

त्यानंतर सूचनेकडे सूचना म्हणून पाहायला जागा झाली. त्या दोन नोंदी एवढ्या महत्त्वाच्या का, हे त्याने मलाच समजावलं. परदेशी जाणारी केळी १३ अंशांच्या आसपास ठेवावी लागतात. पारा बराच खाली गेला तर साल काळपटते, वर राहिला तर माल वाटेतच पिकायला लागतो. नोंद नसेल, तर बिघाड कुठे झाला हे सांगता येत नाही. "मग साहेब बरोबरच बोलले," असं म्हणताना त्याचा आवाज साधा होता.

असा टोला ज्यांना बसतो, त्यांनी आधी त्या क्षणी खुलासा देणं टाळावं. कान तापलेले असतात, छाती धडधडत असते, अशा वेळी तोंडातून सफाई तरी निघते नाहीतर भांडण. "साहेब, लिहून घेतो, उद्या सकाळी येऊन बोलतो," एवढं पुरे. त्याच दिवशी रेघ मारलेल्या कागदावर डावी बाजू भरा. उशीर केला की उजवीकडचे शब्द डावीकडे घुसतात. मग उजव्या बाजूत 'च', 'नेहमी', 'काहीच' कुठे आहेत ते पाहा. सकाळी जाताना एकच प्रश्न न्या: "यात नेमकं काय बदलू?" वाईट वाटायचं राहील, आणि ते राहू द्यावं. कामाची काळजी असलेल्याला चुकीचं वाईट वाटणारच. झोप उडणं आणि स्वतःला नालायक ठरवणं थांबलं पाहिजे.

पण कधी कधी डावी बाजूच विषारी असते. एक ताई कागद घेऊन आल्या, त्यावर साहेबांचे शब्द होते, "तुमच्यासारख्यांना नोकरीवर घेतलं हीच चूक." चार लोकांसमोर, पुन्हा पुन्हा, आणि सुधारायचं काय ते एकदाही नाही. तिथे मी विचार बदलायला सांगितलं नाही. तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवायला सांगितली, आणि वरिष्ठांकडे लेखी तक्रार करण्याची तयारी आम्ही मिळून केली. सूचनेत बदलता येण्याजोगी एखादी कृती सापडते का, हे आधी पाहावं. सापडत नसेल आणि रोख माणसावर, त्याच्या जातीवर, बाईपणावर असेल, तर मनाला वाटलेला हल्ला खराच आहे.

तीन महिन्यांनी त्या मुलाचा फोन आला. खोक्यांवरची लेबलं तिरकी लागतात म्हणून साहेब पुन्हा बोलले होते.

"मग?"

"कान तापले ताई. लिहून घेतलं. सकाळी विचारलं, तर म्हणे, लेबल लावणाऱ्या पोराला पट्टीने खूण करून दे. दिली."

"आणि रात्री?"

"कळण्याची भाकरी होती. दोन खाल्ल्या आणि झोपलो."