प्लांट वाढतोय अशी बातमी आली, मग भरती कधी?

"भाऊ, पेपरात आलंय की नरडाण्याला एक कंपनी मोठा प्लांट टाकणार, सरकारशी करार पण झाला. आत्ताच बायोडेटा टाकू का?" – डिप्लोमा मेकॅनिकल, शिरपूर

आत्ता नको. करार म्हणजे नुसता इरादा असतो, त्यानंतर जमीन, परवानग्या, बांधकाम सगळं बाकीच असतं. केमिकलसारखा उद्योग असेल तर पर्यावरण मंजुरीचा अर्ज parivesh.nic.in वर सापडतो, त्यातल्या प्रकल्प अहवालात बऱ्याचदा माणसं किती लागतील तेही लिहिलेलं असतं. मग प्रदूषण मंडळाचं कन्सेंट टू एस्टॅब्लिश मिळालं की बांधकाम सुरू होतं. तू मेकॅनिकलचा आहेस, तर मशिनरी बसायला लागली की तुझी वेळ आली समज.

"जळगावजवळच्या एका लिस्टेड कंपनीचं एक्स्पान्शन जाहीर झालंय. बातमीवर किती विश्वास ठेवायचा?" – बीएस्सी केमिस्ट्री, जळगाव

बातमी सोड, बीएसई किंवा एनएसईच्या साईटवर कंपनीच्या नावाखाली अनाउन्समेंट्स असतात तिथलं मूळ पत्र उघड. क्षमता वाढवायची असली की सेबीच्या नियमांप्रमाणे आत्ताची क्षमता किती, त्यातली वापरात किती, वाढवणार किती, कधीपर्यंत आणि पैसा कुठून आणणार, हे त्यात द्यावं लागतं.

समज, पाईपची एक कंपनी लिहिते: वापर 92 टक्के, नवीन लाईन 18 महिन्यांत, पैसा स्वतःच्या नफ्यातून. हे पक्कं वाटतं, कारण जुन्या मशीन जवळपास भरलेल्या आहेत, म्हणजे मालाला मागणी आहे. तेच वापर 55 टक्के असेल आणि पैसा "कर्जातून, मंजुरी बाकी" असेल तर मी तरी वाट बघेन, आधी निम्म्या रिकाम्या मशीन चालतील, मग नवीन लाईन.

आता 18 महिने मागून मोज. सुरुवातीला प्रोजेक्ट, सिव्हिल, इलेक्ट्रिकलवाले घेतात, मेंटेनन्सवाले मशिनरी येताना, आणि तुझ्यासारखे क्वालिटी लॅबचे साधारण शेवटच्या तीन-चार महिन्यांत. म्हणजे चौदाव्या महिन्याच्या आसपास एचआरला मेल कर, मेलमध्ये त्या लाईनचं नाव टाक. मधे दर तिमाही निकालाचं पत्र वाचत राहा, तारीख पुढे ढकलली तर बहुतेक तिथंच कळतं, आणि तारीख सरकली की भरतीही सरकते.

"पुण्यातल्या कंपनीचा आयपीओ येतोय, कोट्यवधी उभे करणार म्हणे. भरती निघेल ना?" – बीकॉम, धुळे

आकडा बघून खुश होऊ नको. प्रॉस्पेक्टसमधे 'ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू' वाच. ऑफर फॉर सेल असेल तर पैसा जुन्या शेअरहोल्डरांच्या खिशात जातो, कंपनीला एक रुपया मिळत नाही. फ्रेश इश्यू असला तरी बराचसा कर्ज फेडायला असेल तर माणसं घ्यायचं कारण नाही. नवीन शाखा किंवा गोदामांसाठी ठरलेली रक्कम आणि वर्ष दिलं असेल, तर अकाउंट्सची माणसं लागणारच, तिथं अर्ज कर.