‘बुलव्हिप इफेक्ट’: बैल कुठला आणि चाबूक कोणाचा?

प्रश्न : “व्यवस्थापनाच्या एका मराठी पुस्तकात ‘बैलचाबूक परिणाम’ असा शब्द आला. दुकानातली मागणी थोडी हलली की कारखान्याच्या ऑर्डरी खूप हलतात, एवढेच तिथे म्हटले आहे. असे का होते आणि याला मराठीत नेमके काय म्हणावे?”

‘आसूड परिणाम’ म्हणावे, असे माझे मत आहे. बैल हाकायच्या, चामड्याच्या लांब विणलेल्या चाबकाला आपल्याकडे आसूड हा शब्द असताना ‘बैलचाबूक’ घडवण्याची गरज नव्हती. बुलव्हिप म्हणजेही हेच हत्यार. मुठीकडे जाड असलेला हा चाबूक टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे मनगटाची छोटीशी हालचाल पुढे सरकताना वेग घेत जाते आणि शेवटी टोक ध्वनीच्या वेगालाही मागे टाकते. कडाड असा आवाज येतो तो त्यामुळेच. या उपमेत मूठ गिऱ्हाइकाच्या हातात आहे आणि टोकाला कारखाना, किंबहुना कारखान्याला कच्चा माल देणारा आहे. वर्तमानपत्री मराठीत मात्र ‘आसूड ओढणे’ म्हणजे कठोर टीका करणे, तेव्हा ‘मागणीचा आसूड’ असा मथळा दिला तर वाचक भलताच अर्थ घेईल. ‘परिणाम’ हा शब्द जोडीला ठेवलेला बरा.

हे नाव प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत रूढ झाले. पॅम्पर्स या बाळांच्या डायपरच्या ऑर्डरी तपासताना तिथल्या अधिकाऱ्यांना असे दिसले की दुकानांतली विक्री थोडीफारच खालीवर होते, पण वितरकांच्या ऑर्डरींत त्याहून बरीच मोठी चढउतार असते आणि कंपनी स्वतः आपल्या पुरवठादारांकडे जी मागणी नोंदवते तिच्यातली चढउतार तर आणखी मोठी असते. बाळे आठवड्याच्या हिशेबाने कमीजास्त डायपर वापरत नाहीत. म्हणजे ही चढउतार गिऱ्हाइकाकडून आलेली नव्हती, ती साखळीतच तयार होत होती. पुढे हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तिघा संशोधकांनी १९९७ साली या परिणामाची कारणे पद्धतशीर मांडली आणि नाव सर्वत्र पसरले. मूळ निरीक्षण मात्र त्याहून जुने आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतील जे फॉरेस्टर यांना जनरल इलेक्ट्रिकच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन पाळ्यांत काम तर कधी कामगारकपात असे का चालते, हा प्रश्न विचारण्यात आला होता. कर्मचारीभरतीचे आणि साठ्याचे नियम घेऊन त्यांनी कागदावर आकडेमोड केली आणि बाहेरची मागणी स्थिर धरली तरी कारखाना हेलकावे खाऊ शकतो, हे दाखवले. १९५८ साली त्यांनी हा विचार प्रसिद्ध केला, म्हणून जुन्या लेखनात याच गोष्टीला ‘फॉरेस्टर परिणाम’ असेही म्हटलेले आढळते.

आता हे घडते कसे, ते आकड्यांतच पाहावे, कारण शब्दांत ते जादूसारखे वाटते. समजा, एक दुकानदार, त्याला माल देणारा एक स्टॉकिस्ट आणि एक कारखाना अशी साखळी आहे. खप आठवड्याला १०० पाकिटांचा आहे आणि तिघांचाही नियम एकच, तोही अगदी शहाणपणाचा : आपल्याकडे आलेल्या ताज्या मागणीच्या दुप्पट साठा आठवड्याअखेर शिल्लक असावा. म्हणजे प्रत्येकाकडे २०० पाकिटे आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून असेही धरू, की मागवलेला माल त्याच आठवड्यात येतो.

एका आठवड्यात दुकानात १०० ऐवजी ११० पाकिटे खपतात आणि पुढे खप ११० वरच स्थिर राहतो. दुकानदाराला गेलेली ११० भरून काढायची आहेत, शिवाय साठा २०० वरून २२० वर न्यायचा आहे, म्हणून तो १३० मागवतो. स्टॉकिस्टला दुकानातली ११० दिसतच नाहीत. त्याला दिसते ते एवढेच, की मागणी १०० वरून १३० झाली. तो १३० भरून काढतो आणि साठा २६० करण्यासाठी आणखी ६० जोडतो, म्हणजे त्याची ऑर्डर १९० ची होते. कारखान्याच्या दृष्टीने मागणी १०० वरून १९० वर गेली. त्यामुळे १९० पाकिटे देऊन साठा ३८० वर नेण्यासाठी तो ३७० पाकिटे तयार करतो. गिऱ्हाइकाने १० पाकिटे जास्त घेतली आणि कारखान्याने उत्पादन २७० ने वाढवले.

खरा फटका दुसऱ्या आठवड्यात बसतो. दुकानदाराचा साठा आता पुरेसा असल्यामुळे तो फक्त ११० मागवतो. स्टॉकिस्टला वाटते, मागणी १३० वरून घसरली; त्याला साठा २६० वरून २२० वर आणायचा असतो, म्हणून तो अवघी ७० पाकिटे मागवतो. कारखान्याकडे ३८० पाकिटे होती, त्यांतली ७० गेल्यावर ३१० उरली, आणि ७० च्या मागणीला त्याच्या नियमाप्रमाणे १४० चा साठा पुरतो. साहजिकच त्या आठवड्यात यंत्रे बंद राहतात. तिसऱ्या आठवड्यात स्टॉकिस्ट ११० मागवतो, तेव्हा कारखाना २० पाकिटे करतो, आणि चौथ्या आठवड्यात सगळे ११० वर येतात. दुकानातली विक्री चारही आठवडे ११० च होती. कारखान्याचे उत्पादन ३७०, शून्य, २० आणि ११० असे झाले. या चारांची बेरीज ५०० होते : ४४० पाकिटे विकली गेली आणि तिघांच्या साठ्यात प्रत्येकी २० ची भर पडली. एकूण आकडा अगदी बरोबर आहे. चुकली ती फक्त वेळ, आणि त्या चुकीपायी एका आठवड्यात जादा पाळी लावावी लागली तर पुढच्या आठवड्यात कामगार बसून राहिले.

या साखळीत कोणीही घाबरलेले नाही, कोणी साठेबाजी केलेली नाही आणि प्रत्येकाने नियम तंतोतंत पाळला आहे, हे मला यातले सर्वांत लक्षणीय वाटते. प्रत्यक्षात माल त्याच आठवड्यात येत नाही, त्यामुळे चित्र आणखी बिघडते. मागवलेला पण अजून न पोचलेला माल माणसे हिशेबात धरायला विसरतात. एमआयटीत अनेक वर्षे खेळवला जाणारा ‘बीअर गेम’, म्हणजे दुकानापासून कारखान्यापर्यंतची बीअरची साखळी खेळाडूंनी चालवण्याचा खेळ, नेमके हेच दाखवतो. त्यात गिऱ्हाइकाची मागणी एकदाच ४ पेट्यांवरून ८ पेट्यांवर जाते आणि मग शेवटपर्यंत ८ च राहते, तरी कारखाना सांभाळणारा खेळाडू कितीतरी पट मोठे आकडे लिहू लागतो. खेळ संपल्यावर बहुतेकांना खात्री असते की गिऱ्हाइकेच लहरी होती.

मागणीचा असा चुकीचा अंदाज हे एक कारण झाले. दुसरे कारण रोजच्या व्यवहारातले आहे : ट्रक भरून माल मागवला की वाहतूक स्वस्त पडते, म्हणून रोजचा खप साठवून महिन्याची एकच ऑर्डर दिली जाते आणि माल देणाऱ्याला एक मोठी उसळी व मग दीर्घ शांतता दिसते. तिसरे कारण कंपन्या स्वतःच्या हाताने ओढवून घेतात. महिनाअखेरीस विक्रीप्रतिनिधीला टार्गेट गाठायचे असते, तो ‘दहावर एक फुकट’ अशी स्कीम काढतो, दुकानदार दोन महिन्यांचा माल भरून ठेवतो आणि पुढच्या महिन्यात ऑर्डरच येत नाही. खप तसूभरही वाढलेला नसतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा सवलती कमी करून रोज सारखाच कमी भाव ठेवण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागे हा विचार होता.

चौथे कारण टंचाईचे आहे. माल कमी आहे आणि मागणीच्या प्रमाणात वाटप होणार आहे, असे कळले की १०० हवे असणारा २०० मागतो, कधी तर दोन विक्रेत्यांकडे तीच ऑर्डर नोंदवतो आणि जो आधी देईल त्याचा माल घेऊन दुसरी रद्द करतो. पुरवठादाराला हा फुगवटा खरा वाटतो. इंटरनेटच्या तेजीत सिस्कोच्या नेटवर्क उपकरणांसाठी अशा दुबार ऑर्डरी आल्या होत्या; तेजी ओसरल्यावर, २००१ साली, कंपनीला सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा तोटा म्हणून हिशेबातून काढून टाकावा लागला.

शब्दाच्या वापराबाबत इथे एक अडचण आहे. मराठीत गिऱ्हाइकाच्या गरजेलाही आपण ‘मागणी’ म्हणतो आणि दुकानदाराने नोंदवलेल्या ऑर्डरीलाही ‘मागणी’च म्हणतो, आणि आसूड परिणाम तर या दोहोंमधल्या फरकातूनच निर्माण होतो. म्हणून या विषयावर लिहिताना गिऱ्हाइकाच्या बाजूला ‘खप’ आणि व्यापाऱ्याच्या बाजूला ‘ऑर्डर’ असे शब्द वेगळे ठेवावेत. बाजारात बोलला जाणारा ‘उठाव’ मी टाळतो, कारण ‘मालाला उठाव आहे’ यात माल घाऊक व्यापाऱ्याने उचलला की गिऱ्हाइकाने, ते कळत नाही.

हीच फोड कसोटी म्हणूनही उपयोगी पडते. एकाच काळातले, एकाच मालाचे दोन आकडे शेजारी ठेवावेत : दुकानातल्या बिलांवरचा आठवड्याचा खप आणि दुकानाने वर पाठवलेल्या ऑर्डरी. सरासरीभोवतीची चढउतार दुसऱ्या रांगेत पहिलीपेक्षा जास्त असेल, तरच आसूड परिणाम आहे. दोन्ही रांगा सारख्याच हलत असतील तर मागणीच अस्थिर आहे आणि हा शब्द तिथे वापरू नये. २०२० साली टाळेबंदीच्या भीतीने लोकांनी घरात सामान भरले, त्या धावपळीला अनेकांनी सरसकट हे नाव दिले. पण ती उसळी मुठीतलीच होती, पुढे कारखान्यांपर्यंत ती किती पट वाढत गेली तेवढाच भाग या नावाखाली येतो.

शिवाय प्रत्येक साखळीत हा परिणाम दिसतोच, असेही नाही. काशॉन, रँडल आणि श्मिट यांनी २००७ साली अमेरिकेतल्या उद्योगांची आकडेवारी तपासली, तेव्हा घाऊक व्यापारात तो आढळला, किरकोळ व्यापारात सर्वसाधारणपणे आढळला नाही, आणि बऱ्याच उत्पादकांचे उत्पादन तर मागणीपेक्षा कमी हलत होते. याचे मोठे कारण म्हणजे हंगाम. उटण्याचा बहुतेक खप दिवाळीच्या आसपासच्या थोड्या दिवसांत होतो, पण ते बनवणाऱ्याला हे आधीपासून ठाऊक असल्याने तो काही महिने थोडेथोडे बनवून साठा करू शकतो. तिथे खप एकदम उसळतो आणि उत्पादन संथ राहते, म्हणजे नेमके आसुडाच्या उलट घडते.