लिंबूपाण्याची बाटली आणि झिजलेली दाढ

प्रश्न: "कोल्ड्रिंक दोन वर्षांपूर्वीच सोडलं. त्याऐवजी ऑफिसात एक लिटरच्या बाटलीत लिंबूपाणी नेतो, थोडी साखर-मीठ घालून, आणि दिवसभर घोटघोट पितो. आता डेंटिस्ट म्हणतात दात झिजलेत. लिंबू तेवढंच, मग जेवताना प्यायलं काय आणि दिवसभर प्यायलं काय, फरक पडतो का?"

पडतो, आणि चांगलाच पडतो. पोटात एकूण किती लिंबू गेलं यापेक्षा दातांवर आंबट किती वेळा आलं आणि किती वेळ राहिलं, याला जास्त महत्त्व आहे.

मी कोथरूडला दातांचा दवाखाना चालवते. तुमच्यासारखेच एक गृहस्थ माझ्याकडे येतात. वय चाळिशीचं, रोज बसनं हिंजवडी. थंड पाणी प्यायलं की खालच्या दाढांत सणक जाते म्हणून आले होते. दाढांचे उंचवटे, ज्यांनी आपण चावतो, त्यांच्या टोकांवर बारीक खळगे पडलेले आणि तळाशी पिवळसर थर दिसत होता. एका दाढेत दहा-बारा वर्षांपूर्वी भरलेली चांदी होती. ती आजूबाजूच्या दातापेक्षा वर आलेली, ओहोटीला खडक उघडा पडावा तशी. चांदी वर सरकत नसते. ती आम्लात विरघळत नाही, दात विरघळतो, म्हणून ती उरली आणि भोवतालचा दात खाली गेला. असं दिसलं की नुसती घासून झालेली झीज नाही, आम्लानं झालेली आहे, हे जवळजवळ ठरतं. दात खाण्याच्या सवयीनं झीज झाली तर चांदी आणि दात दोन्ही एका पातळीत सपाट होतात.

मी विचारलं, "कोल्ड्रिंक किती पिता?" ते म्हणाले, "अजिबात नाही." मी पित्ताबद्दल विचारलं, तेही नव्हतं. दात दुखू नयेत म्हणून पेस्ट लिहून दिली आणि पाठवून दिलं. चूक माझी. वर्षभरानं आले तेव्हा खळगे आणखी खोल. मग मात्र मी त्यांना चार दिवसांचा कागद भरून आणायला सांगितलं: पाण्याशिवाय तोंडात जे जाईल ते, वेळेसकट. कागद आला आणि सगळं उलगडलं. "८.५० चांदणी चौक, दोन घोट. ९.१५ बस, एक घोट. ९.४० मीटिंग, दोन घोट." असं संध्याकाळी सहापर्यंत. बाटलीत लिंबूपाणी, दोन लिंबं पिळून. त्यांच्या लेखी ते "पाणी"च होतं, त्यामुळे मी विचारलं तेव्हा सांगायचं सुचलंच नाही.

आता हिशेब करू. एक घोट साधारण पंचवीस-तीस मिलीलिटरचा, म्हणजे लिटरभर बाटलीचे छत्तीसेक घोट. नऊ तासांत छत्तीस, म्हणजे सरासरी दर पंधरा मिनिटांनी एक. आंबट घोट तोंडातून गेला तरी दातांवरचं आम्ल लगेच जात नाही. लाळ ते धुऊन काढते, त्याला काही मिनिटं लागतात. तीन मिनिटं धरली तरी दिवसाला पावणेदोन तासांहून जास्त वेळ दात आम्लात. तेच लिंबूपाणी एक ग्लासभर, जेवताना पंधरा मिनिटांत संपवलं, तर तो वेळ वीसेक मिनिटांवर येतो. हा आकडा नेमका नाही, माणसागणिक लाळ वेगळी असते. पण फरक कुठल्या मापाचा आहे ते यातून कळतं.

जेवताना आणखी एक गोष्ट होते, आणि खरी मेख तिथेच आहे. गप्प बसलेलो असताना आपल्या तोंडात लाळ अगदी थोडी सुटते, मिनिटाला अर्धा मिलीलिटरसुद्धा नाही. चावायला लागलो की ती कित्येक पटींनी वाढते आणि तिच्यातला बायकार्बोनेटही वाढतो, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद वाढते. त्यात पोळी-भाजी, डाळ, दही तोंडात असतंच. म्हणून वरणभातावर लिंबू पिळून खाणाऱ्यांनी काही चिंता करू नये. वरणभातावर पिळलेलं लिंबू मी तरी कुणाला बंद करायला सांगितलेलं नाही. याउलट एसीत बसून, तासन्‌तास बोलून, चहा-कॉफीवर तोंड सुकलेलं असताना घेतलेला आंबट घोट सगळ्यात वाईट वेळी येतो. पर्वती किंवा तळजाई चढून घामाघूम झाल्यावर बाटली उघडणाऱ्यांचंही तेच. तेव्हा तोंडात लाळच कमी असते. आधी साधं पाणी प्यावं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दातांची मोठी झीज झालेल्या सुमारे तीनशे लोकांचा अभ्यास मांडला होता. दोन जेवणांच्या मधे दिवसातून दोन किंवा जास्त वेळा आंबट पेय घेणाऱ्यांत झिजेचा धोका खूप वाढलेला दिसला. तीच पेयं जेवणासोबत घेणाऱ्यांत तो निम्म्यावर आला. म्हणजे शून्यावर आला नाही, हेही लक्षात ठेवा.

"पण लिटरभर पाण्यात दोनच लिंबं, ते काय आंबट?" हे मला हमखास ऐकायला मिळतं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो. त्यातलं सायट्रिक आम्ल सौम्य जातीचं आहे, त्यामुळे दहापट पाणी घातलं तरी पीएच जेमतेम अर्ध्या अंकानं वर जातो. म्हणजे तुमच्या बाटलीतलं पाणी तीनच्या आसपासच असणार. दाताचं वरचं कडक आवरण, म्हणजे एनॅमल, विरघळायला लागतं साधारण साडेपाचच्या खाली. पातळ केल्यानं एकूण आम्ल कमी होतं, म्हणजे लाळेला काम कमी पडतं, एवढा फायदा आहे. पण जिभेला जवळजवळ न जाणवणारा आंबटपणा दाताला पुरतो. शिवाय सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून त्याचं नुकसान नुसत्या पीएचच्या आकड्यावरून वाटतं त्याहून जास्त असतं. कच्ची कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात आंबतात ना, तशी जाणीव या पातळ लिंबूपाण्यानं होतही नाही. म्हणून कुणी सावध होत नाही.

उलट उदाहरण ताकाचं. ताक आंबट असतं, पीएच चार-साडेचारच्या घरात, म्हणजे साडेपाचच्या नियमानं दात विरघळायला हवेत. पण ताकात कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच भरपूर असतं, त्यामुळे दातातून ते बाहेर पडायला जागाच उरत नाही. मीठ-जिरं घातलेलं, बिनसाखरेचं ताक दुपारी प्यायला माझ्याकडून पूर्ण मोकळीक.

तुमच्या बाटलीत साखरही आहे, आणि ते वेगळं दुखणं. लिंबाचं आम्ल दाताला थेट विरघळवतं, तेही स्वच्छ, घासलेल्या जागी. साखर तशी आंबट नसते, पण दातांवरच्या थरातले जंतू ती खाऊन आम्ल तयार करतात, ते थराखाली साठतं आणि तिथे कीड लागते. साखरेनंतर ती जागा पूर्ववत व्हायला अर्धा तास ते तास लागतो. तुमचा पुढचा घोट पंधरा मिनिटांत येतो. म्हणजे सकाळी नऊला सुरू झालेलं काम संध्याकाळी सहापर्यंत चालूच. मध घातला तरी हेच. साखर सोडलीत तर किडीचा भाग आटोक्यात येईल, झिजेचा नाही. झीरो शुगरवाल्या डब्यांनीही झीज थांबत नाही, कारण आम्ल तसंच असतं. (आपल्या मस्तानीला सगळे नावं ठेवतात, पण ती दुधाची असते आणि दहा-पंधरा मिनिटांत बसल्या जागी संपते. मी तिच्यापेक्षा तुमच्या बाटलीला जास्त घाबरते. तिच्यातली साखर मोजू नका, असं मी म्हणत नाहीये.)

मग करायचं काय? त्या गृहस्थांना मी लिंबूपाणी सोडायला सांगितलंच नाही, फक्त वेळ बदलायला सांगितली. बाटलीत साधं पाणी. लिंबूपाणी डब्यासोबत एक ग्लास, सरळ पिऊन टाकायचं, तोंडात खेळवायचं नाही. नंतर दोन घोट साधं पाणी. स्ट्रॉ वापरलीत तर टोक दातांच्या मागे, जिभेवर यायला हवं. ओठाजवळ धरून ओढलं की दात बुडतातच. कोकम सरबत, सोडा, संत्र्याचा रस, सगळ्याला हेच लागू. सकाळी गरम पाण्यात लिंबू पिणाऱ्यांनी ब्रश आधी उरकून घ्यावा, आंबट झाल्यावर लगेच खरखरून घासू नये, कारण मऊ पडलेला पातळ थर ब्रशनं निघून जातो. "अर्धा तास थांबा" असं सगळे सांगतात, मीही सांगत होते. थांबून फार फरक पडतो असं आता ठामपणे म्हणता येत नाही. क्रम उलटा करणं सोपं आणि जास्त उपयोगी. पेस्ट फ्लोराइडची घ्या आणि थुंकल्यावर चूळ भरू नका.

तुमच्या डेंटिस्टना एक विचारा: झीज कुठे आहे? खालच्या दाढांचे उंचवटे आणि पुढच्या दातांच्या कडा पातळ, काचेसारख्या दिसत असतील तर बाटलीवर संशय घ्यायला हरकत नाही. वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू गुळगुळीत झाली असेल तर आधी पोटातलं आम्ल वर येतं का ते बघायला हवं, मग ते तुम्हाला जाणवत असो वा नसो. तिथे फक्त लिंबूपाण्याची वेळ बदलून भागणार नाही. तोंड कोरडं पाडणारी औषधं चालू असतील तर तीही सांगा.

मऊ पडलेल्या थरात लाळेतलं खनिज परत बसतं, पण जो थर निघून गेला तो परत येत नाही. म्हणून त्या गृहस्थांच्या दोन खोल खळग्यांत मी दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरलं. बाकीच्यांना हात लावला नाही, फक्त फोटो काढून ठेवले. गेल्या महिन्यात चौदा महिन्यांनी पुन्हा फोटो काढले आणि शेजारी शेजारी लावून पाहिले. चांदी जितकी वर होती तितकीच आहे.